कोल्हापुरी चपलेची पहिली निर्यात: नमुना, खरेदीदाराची पारख आणि पैशांची वसुली

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यावर वाद झाला, तेव्हापासून चपलांचे काम करणाऱ्या लहान लोकांनाही परदेशातून चौकशीचे ईमेल येऊ लागले आहेत. ‘आम्हाला तुमची वस्तू आवडली, आधी नमुना पाठवा, मग मोठी ऑर्डर देऊ’ असा बहुतेकांचा मजकूर असतो. नवख्या माणसाचे पहिले नुकसान याच ठिकाणी होते. तो आनंदाने चांगल्यातले चांगले तीन-चार जोड स्वखर्चाने पाठवतो आणि पुढे उत्तर येत नाही; किंवा उत्तर येते, ऑर्डर येते, माल जातो आणि पैसे अडकतात.

मीही सुरुवातीच्या वर्षी असे अकरा ठिकाणी फुकट नमुने पाठवले. नऊ जणांनी पोच सुद्धा दिली नाही आणि त्यातला एक जोड पुढे मला एका विक्री-संकेतस्थळावर विकायला ठेवलेला दिसला. त्यानंतर मी नमुन्याकडे जाहिरात म्हणून पाहणे सोडले. नमुना म्हणजे खरेदीदाराशी होणारा पहिला छोटा व्यवहार असतो. तो पैसे देतो का, पत्ता नीट देतो का, सीमाशुल्काची माहिती त्याच्याकडे आहे का आणि माल हाती आल्यावर तो नेमके काय बोलतो, हे सगळे दोन-तीन जोडांच्या किमतीत कळते. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीभोवती केली आहे.

पहिली पायरी: कागदपत्रे

हा भाग कंटाळवाणा असला तरी अवघड नाही. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पॅन आणि बँक खात्याच्या आधारे ऑनलाइन मिळतो आणि त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. हा कोड कायमचा असला, तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती बरोबर असल्याचे नोंदवावे लागते. ते राहून गेले तर कोड निष्क्रिय होतो आणि नेमके माल निघण्याच्या दिवशी ते लक्षात येते. जीएसटी नोंदणी असल्यास दर आर्थिक वर्षासाठी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र, भरून ठेवावे, म्हणजे निर्यातीवर आधी कर भरून नंतर परतावा मागण्याची वेळ येत नाही. ज्या बँकेत चालू खाते आहे, तिथून एडी कोडचे, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या त्या बँक शाखेच्या ओळख क्रमांकाचे, पत्र घेऊन तो कोड ज्या ठिकाणाहून माल जाणार तिथल्या सीमाशुल्क यंत्रणेत नोंदवून घ्यावा.

मालाचे वर्गीकरण मात्र लक्ष देऊन करावे. आंतरराष्ट्रीय शुल्कसूचीतील ६४०३२० या उपशीर्षकाचे वर्णन ‘चामड्याचा तळ असलेली आणि पायाच्या वरच्या भागावरून व अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे असलेली पादत्राणे’ असे आहे. कोल्हापुरीचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल. ज्यांनी खर्च वाचवण्यासाठी खाली रबराचा तळ लावला आहे, त्यांचा माल या वर्णनात बसेलच असे नाही, म्हणून त्यांनी कोड ठरवण्याआधी कस्टम्स दलालाला प्रत्यक्ष जोड दाखवावा.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पावतीवर आणि पेटीवर ‘कोल्हापुरी’ हे नाव लिहायचे असेल, तर माल या जिल्ह्यांतला असावा आणि शक्य तितक्या लवकर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी.

दुसरी पायरी: नमुना एक नव्हे, दोन

प्रत्येक नमुन्याचे दोन संच एकाच कारागिराकडून, एकाच कातड्यातून करून घ्यावेत. एक संच परदेशी जातो आणि दुसरा आपल्याकडे पिशवीत बंद करून, वर तारीख आणि सही घालून ठेवायचा असतो. हा दुसरा संच पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. हाताने केलेल्या वस्तूत दोन जोड तंतोतंत सारखे होत नाहीत. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा रंग प्रत्येक वेळी थोडा वेगळा उतरतो, वेणीची वीण हातागणिक बदलते, आणि ज्याने यंत्राची चप्पल विकली आहे अशा खरेदीदाराला हा फरक दोष वाटू शकतो. ‘माल नमुन्यासारखा नाही’ हे उरलेले पैसे न देण्याचे सगळ्यात सोयीचे कारण असते, आणि कधीकधी ते खरेही असते. आपल्याकडे ठेवलेला संच नसेल, तर खरे-खोटे ठरवायला काहीच उरत नाही.

म्हणून नमुन्यासोबत एक पानभर मजकूर द्यावा आणि खरेदीदाराकडून त्यावर होकार घ्यावा. तळाची लांबी मिलिमीटरमध्ये, तळाची जाडी, पट्ट्याची रुंदी, कातडे कोणत्या जनावराचे, तळ कशाने शिवला आहे (चामड्याच्या वादीने की दोऱ्याने), आणि यातल्या प्रत्येकात किती फरक चालेल, एवढे त्यात असावे. युरोपीय मापात एका नंबरात आणि पुढच्या नंबरात सेंटिमीटरचा दोन-तृतीयांश, म्हणजे जेमतेम पावणेसात मिलिमीटर, इतकेच अंतर असते. त्यामुळे लांबीत तीन मिलिमीटरहून जास्त फरक पडला, तर ३८ नंबरच्या चपलेवर ३९ चा शिक्का मारल्यासारखे होऊ लागते. आपल्या कारागिराला ‘आठ नंबर’ म्हणून सांगू नये. पुठ्ठ्याचे माप कापून द्यावे.

मालाच्या दोन परीक्षा कराव्यात. पहिली बुरशीची, ती नमुना पाठवण्याआधी घरीच करावी. तयार जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दहा दिवस सावलीत ठेवावा. पेटीत माल जितके दिवस कोंडलेला असतो, साधारण तितकेच हे दिवस होतात. एका पावसाळ्यात मी ही परीक्षा न करता माल पाठवला. खरेदीदाराने पेटी उघडतानाचा व्हिडिओ पाठवला, तेव्हा वरून चपला उत्तम दिसत होत्या. त्याने अंगठ्याचा पट्टा बोटाने उचलला आणि खालच्या शिवणीच्या कडेने पांढरी लव दिसली. कातडे वरून कोरडे वाटत होते, पण तळाच्या दोन थरांमध्ये ओल राहिली होती. तेव्हापासून जून ते सप्टेंबर या काळात तळ शिवण्याआधी दोन्ही थर वेगवेगळे वाळवण्याचा आग्रह मी धरतो आणि प्रत्येक जोडात सिलिका जेलची पुडी घालतो. बाजारात बुरशी रोखणाऱ्या म्हणून इतर पुड्याही मिळतात, पण ज्यात डायमिथाइल फ्युमरेट असते त्या पुड्यांना युरोपीय संघात पूर्ण बंदी आहे. पुडीत काय आहे हे लिहिलेले नसेल, तर ती वापरूच नये.

दुसरी परीक्षा रसायनांची. युरोपीय संघात त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूत षट्संयुजी क्रोमियम, ज्याला प्रयोगशाळा क्रोमियम सहा म्हणतात, किलोमागे ३ मिलिग्रॅमहून कमी असावे लागते. पारंपरिक वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेल्या कातड्यात क्रोमियम वापरलेलेच नसते, त्यामुळे खरी कोल्हापुरी इथे निर्धास्त असायला हवी. अडचण अशी आहे की पट्ट्यासाठी किंवा रंगीत वेणीसाठी बाजारातून आणलेले पातळ कातडे अनेकदा क्रोमने कमावलेले असते आणि आपल्याला ते ठाऊक नसते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी ही तपासणी होते. पहिल्या नमुन्यासाठी ती लगेच करावी असे नाही, पण ऑर्डर पक्की करण्याआधी वरचे, आतले आणि तळाचे कातडे वेगवेगळे तपासून घ्यावे. युरोपात विकल्या जाणाऱ्या पादत्राणावर वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा आहे हे ठरावीक चिन्हांनी दाखवावे लागते. हे लेबल कोण लावणार, आपण की खरेदीदार, हेही याच वेळी विचारून घ्यावे.

तिसरी पायरी: नमुना पाठवणे

नमुन्याचे पैसे मागावेत, आणि कुरिअरचेही. यात संकोच करण्याचे कारण नाही. मी खरेदीदाराला एवढेच लिहितो की नमुन्याची किंमत आणि कुरिअर खर्च आगाऊ घेतला जाईल आणि पहिल्या ऑर्डरच्या बिलातून नमुन्याची किंमत वजा केली जाईल. ज्याला खरोखर दुकान चालवायचे आहे तो याला हरकत घेत नाही. ज्याने दहा हजार जोडांची भाषा केली होती, तो तीन जोडांच्या पैशांवरून रुसला, तर त्याच्यामागे जाऊ नये. खरेदीदार मोठा आणि ओळखीचा असेल, तर नमुना फुकट देऊन कुरिअरचा खर्च त्याच्या स्वतःच्या कुरिअर खात्यावर टाकायला सांगता येते. मात्र तो खाते क्रमांक खरा आणि त्याच्याच नावाचा आहे हे कुरिअर कंपनीकडून आधी विचारून घ्यावे, नाहीतर ते बिल फिरून आपल्याकडे येते.

खर्च वजनावर ठरतो असे आपण धरतो, पण कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त असेल ते लावतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागले की आकारमानाचे वजन किलोत मिळते. तीन जोड चपला आणि पेटी मिळून साधारण अडीच किलो भरतात. पण दुकानातला तयार ४० × ३० × २० सेंटिमीटरचा खोका वापरला, तर हिशेब ४.८ किलोचा होतो आणि बिल पाच किलोचे येते. कोल्हापुरीचा फायदा असा की ती चपटी असते. एकमेकींवर उलटसुलट, तळाला तळ लावून आणि मध्ये पातळ कागद घालून रचली, तर तेच तीन जोड ३४ × २६ × १४ च्या खोक्यात बसतात, आणि आकारमानाचे वजन अडीच किलोच्या आत राहते. म्हणजे तेच जोड निम्म्या वजनाच्या दराने जातात.

आता कागद. कुरिअरने निर्यात करताना दोन प्रकारची बिले असतात. सीएसबी-४ हे गिफ्ट आणि फुकट नमुन्यांसाठी असते. त्यात परकीय चलनाचा व्यवहार नसावा लागतो आणि नमुन्याची किंमत ५०,००० रुपयांपर्यंत असावी लागते. सीएसबी-५ हे विक्रीच्या मालासाठी असते. नमुन्याचे पैसे घेतले असतील, तर तो नमुना सीएसबी-५ नेच जायला हवा. कुरिअरच्या काउंटरवरचा माणूस सोयीसाठी ‘फुकट नमुना’ लिहून टाकतो आणि आपणही होकार देतो. पुढे बँकेत पैसे जमा होतात, पण त्यांच्यासमोर दाखवायला निर्यातीची नोंद नसते आणि मग बँकेच्या फेऱ्या सुरू होतात. फुकट नमुन्यावरही किंमत शून्य लिहू नये. खरी किंमत लिहून पुढे ‘नमुना, विक्रीसाठी नाही, किंमत केवळ सीमाशुल्कासाठी’ असे लिहावे. खरेदीदाराने ‘गिफ्ट लिहा’ किंवा ‘दहा डॉलर दाखवा’ असा आग्रह धरला, तर नकार द्यावा. खोटे विवरण आपल्या सहीने जाते, आणि पार्सल हरवले तर भरपाईही त्याच खोट्या किमतीवर मोजली जाते.

अमेरिकेला पाठवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली आहे, त्यामुळे एका जोडाच्या नमुन्यावरही शुल्क लागू शकते. ते कोण भरणार हे आधी ठरवून पावतीवर लिहावे. नमुना विक्रीयोग्य राहू नये असा केला असेल, तर तिथे नमुन्यांसाठी वेगळी सवलत आहे. पादत्राणाच्या बाबतीत त्याची रीत म्हणजे तळाला आरपार भोक पाडणे किंवा न पुसणाऱ्या शाईने ठळकपणे ‘नमुना’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारणे. आपण केलेल्या चपलेला भोक पाडताना हात थबकतो, हे मी जाणतो. पण त्याने शुल्क वाचते आणि ती चप्पल कुणी विकायलाही ठेवू शकत नाही. खरेदीदाराला घालून पाहायची असेल, तर एक जोड अखंड आणि बाकीच्या रंगांची केवळ एकेक चप्पल पाठवावी. पादत्राणांच्या धंद्यात एका पायाचा नमुना पाठवणे सर्वमान्य आहे.

चौथी पायरी: खरेदीदाराची पारख

पारख करणे म्हणजे संशय घेणे नव्हे, आणि प्रामाणिक खरेदीदार या प्रश्नांनी दुखावत नाही, कारण तोही आपल्याविषयी हेच शोधत असतो. उदाहरण म्हणून नेदरलँड्समधील एक लहान दुकानदार धरू, जिला १२० जोड हवे आहेत. तिच्याकडून तीन गोष्टी मागाव्यात: तिथल्या व्यापार नोंदणीचा केव्हीके क्रमांक, व्हॅट क्रमांक आणि इओआरआय क्रमांक. केव्हीकेच्या संकेतस्थळावर व्यवसायाचे नाव आणि पत्ता शोधता येतो. व्हॅट क्रमांक चालू आहे की नाही हे युरोपीय आयोगाच्या VIES या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. इओआरआय हा आयातदाराचा सीमाशुल्क क्रमांक असतो. तो नसेल, तर व्यापारी आयात करताना तिचा माल सीमेवर अडेल. जी बाई १२० जोड आयात करायला निघाली आहे आणि इओआरआय म्हणजे काय हेच तिला ठाऊक नाही, ती फसवी असेलच असे नाही, पण तिने आजवर कधी आयात केलेली नाही एवढे नक्की होते, आणि मग तिला तो क्रमांक काढायला वेळ द्यावा लागतो. ब्रिटनमधला खरेदीदार असेल, तर तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजे कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर कंपनी कधी स्थापन झाली आणि संचालक कोण हे फुकट दिसते.

मिळालेली माहिती एकमेकींशी ताडून पाहणे हे खरे काम आहे. नोंदणीतला पत्ता, माल पाठवायचा पत्ता, ईमेलचे नाव आणि पैसे पाठवणाऱ्या खात्याचे नाव, या चारही ठिकाणी तोच व्यवसाय दिसायला हवा. माल पाठवायचा पत्ता निराळा असू शकतो, कारण अनेकांचे गोदाम वेगळे असते. पण पैसे तिसऱ्याच देशातल्या तिसऱ्याच नावाने येत असतील, तर थांबून कारण विचारावे आणि बँकेलाही दाखवावे. फसवा खरेदीदार बहुधा चपलेविषयी प्रश्न विचारत नाही. माप, कातडे, वास, रंग उतरतो का, पावसात चालते का, यांतले काहीच न विचारता जो थेट पाचशे जोडांची किंमत मागतो आणि मग सरकारी नोंदणीचे, वकिलाचे किंवा परवान्याचे म्हणून आपल्याकडूनच पैसे भरायला सांगतो, त्याला खरेदीदार समजू नये. माल विकणाऱ्याने खरेदीदाराला शुल्क भरावे असा व्यवहार नसतो.

एकदा व्हिडिओवर बोलावे आणि शक्य असेल तर दुकान दाखवायला सांगावे. आपणही कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधले आपले दुकान किंवा कारागिराचा ओटा, त्यावरची रापी-आरी आणि अर्धवट शिवलेला तळ दाखवावा. दहा मिनिटांच्या अशा बोलण्याने दोन्ही बाजूंना जे कळते, ते दहा ईमेलांनी कळत नाही.

पाचवी पायरी: आगाऊ रक्कम किती घ्यायची

‘पन्नास टक्के आगाऊ, पन्नास टक्के माल निघण्यापूर्वी’ असे सगळे सांगतात. मला हा आकडा आंधळा वाटतो. आगाऊ रक्कम आपल्या खर्चावरून ठरली पाहिजे. वरच्याच व्यवहाराचे उदाहरण घेऊ. १२० जोड, एका जोडाची किंमत २२ युरो, म्हणजे एकूण २६४० युरो. कातडे, कारागिराची मजुरी, पेटी आणि तपासणी धरून एका जोडाचा आपला खर्च १३ युरो येतो असे समजा, म्हणजे एकूण खर्च १५६० युरो झाला. पन्नास टक्के आगाऊ घेतले, तर हाती १३२० युरो येतात आणि खरेदीदाराने मध्येच हात काढून घेतला, तर २४० युरो आपल्या खिशातून गेलेले असतात. साठ टक्के घेतले, तर १५८४ युरो येतात आणि खर्च भरून निघतो. खरेदीदाराला स्वतःचे ब्रँडनाव चामड्यावर ठशाने उमटवून हवे असेल, तर याहून जास्त मागावे, कारण तो ठसा उमटला की तो जोड इथल्या बाजारात विकता येत नाही. साध्या जोडांचे तसे नसते. व्यवहार मोडला तरी ते विकले जातात. म्हणून आगाऊ रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ठसा तयार करायलाही देऊ नये.

उरलेल्या १०५६ युरोंवर खरी ओढाताण होते. आपण म्हणतो माल निघण्याआधी द्या. ती म्हणते माल पाहिल्यावर देईन. तिचेही चुकीचे नाही, कारण तिने आपल्याला कधी पाहिलेले नाही. इथे हट्ट धरण्यापेक्षा माल दोन खेपांत पाठवावा. पहिल्या खेपेत ६० जोड, किंमत १३२० युरो. आपल्याकडे १५८४ युरो आधीच आलेले आहेत, म्हणजे या खेपेत आपले एक पैसाही अडकलेला नाही. तिला अर्धा माल हातात घेऊन, नमुन्याशी ताडून पाहता येतो, आणि त्या वेळी हाती आलेल्या मालाच्या किमतीहून तिचे फक्त २६४ युरो जास्त आपल्याकडे असतात. माल पसंत पडला की ती १०५६ युरो पाठवते आणि दुसरे ६० जोड निघतात. दुसऱ्या कुरिअरचा खर्च वाढतो हे खरे, पण तो किमतीत आधीच धरता येतो. पहिल्या व्यवहारासाठी मला तरी याहून चांगला मार्ग सापडलेला नाही. शिवाय पहिल्या खेपेत काही चूक निघाली, तर दुसऱ्या खेपेतले जोड अजून आपल्याकडेच असतात आणि दुरुस्त करता येतात.

हे सगळे प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर, म्हणजे माल पाठवण्याआधी दिलेल्या कच्च्या बिलावर, आकड्यांसह लिहावे: कोणत्या तारखेला किती रक्कम, कोणत्या चलनात, बँकेचे आकार कोणाकडे, आणि माल मिळाल्यापासून किती दिवसांत तक्रार करता येईल. त्याच कागदावर एक ओळ ठळक असावी की आमचा बँक खाते क्रमांक ईमेलने कधीही बदलला जाणार नाही आणि तसा ईमेल आल्यास फोन करून खात्री करावी. ईमेलमध्ये घुसून ‘खाते बदलले आहे’ असे खरेदीदाराला कळवणारे भामटे असतात. पैसे तिचे जातात, पण माल थांबतो आपला आणि तुटतो तो दोघांमधला विश्वास.

परदेशातून आलेले आगाऊ पैसे बँकेत जमा होताना त्यांचा हेतू सांगावा लागतो. मालाच्या निर्यातीपोटी आलेल्या आगाऊ रकमेसाठी P0103 हा कोड असतो. बँकेने चुकून सेवेचा किंवा घरखर्चाचा कोड लावला, तर तो लगेच दुरुस्त करून घ्यावा.

न चालणाऱ्या वाटा

‘बँकेमार्फत कागद पाठवा, मी पैसे भरून कागद सोडवून घेते’ ही पद्धत ऐकायला सुरक्षित वाटते. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालात ती बऱ्याच अंशी सुरक्षित असतेही, कारण तिथे मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेला मालकीचा कागद, हाती आल्याशिवाय माल सुटत नाही. पण आपला माल विमानाने किंवा कुरिअरने जातो. विमानाचा एअरवे बिल हा मालकीचा कागद नसतो. ज्याचे नाव आणि पत्ता त्यावर आहे, त्याला माल मिळतो, बँकेतले कागद सोडवलेले असोत वा नसोत. म्हणून कुरिअरच्या मालाला ही पद्धत लावून निश्चिंत होऊ नये. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिल्यावर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी, चांगले असते, परंतु दोन-अडीच हजार युरोंच्या मालाला दोन्हीकडच्या बँकांचे आकार परवडत नाहीत आणि कागदात नावाचे एक अक्षर चुकले तरी पैसे अडतात.

कार्डाने किंवा पेपॅलसारख्या सेवेने आलेले पैसे नमुन्यापुरते सोयीचे आहेत. मात्र ते आले म्हणजे कायमचे आले असे नाही. पेपॅलवर खरेदीदार १८० दिवसांपर्यंत तक्रार नोंदवू शकतो आणि तोवर रक्कम परत खेचली जाण्याची शक्यता राहते. म्हणून मुख्य ऑर्डरचे पैसे बँकेतून बँकेतच घ्यावेत. आणि ‘पैसे पाठवले, ही स्विफ्टची प्रत पाहा’ असा कागद आला, तर त्याबद्दल आभार मानावेत, पण रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्याचे बँकेने सांगेपर्यंत पेटी हलवू नये. ती प्रत बनावट करणे मुळीच अवघड नाही. परदेशी धनादेश तर घेऊच नये. तो जमा झाल्यासारखा दिसून काही आठवड्यांनी परत येऊ शकतो. ‘चुकून जास्त रकमेचा धनादेश दिला, फरक परत पाठवा’ ही जुनी लबाडी याच आधारावर चालते.

माल गेल्यावर

माल पोहोचला आणि पैसे आले, तरी आपले काम पूर्ण होत नाही. प्रत्येक निर्यातीची नोंद रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत आपल्या बँकेच्या नावे उघडी राहते आणि आलेल्या रकमेशी ती जोडून बंद करावी लागते. बँक ते आपोआप करेल असे समजू नये. इन्व्हॉइस, बिलाचा क्रमांक आणि रक्कम जमा झाल्याची सूचना घेऊन त्याच आठवड्यात ते काम करून ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे बँकेत आल्याचे प्रमाणपत्र, तयार करून ठेवावे. दोन खेपांचा व्यवहार असेल, तर एकच आगाऊ रक्कम दोन बिलांत विभागली जाते, म्हणून कोणत्या बिलाला किती याचा तक्ता स्वतःच करून द्यावा. वरच्या उदाहरणात पहिल्या बिलाला १३२० युरो आगाऊ रकमेतून, आणि दुसऱ्या बिलाला आगाऊ रकमेतले उरलेले २६४ आणि नंतरचे १०५६.

तिसऱ्या-चौथ्या ऑर्डरनंतर खरेदीदार उधारी मागतो, आणि चांगला खरेदीदार असेल तर ती कधीतरी द्यावीही लागते. त्या वेळी १९५७ पासून काम करणाऱ्या ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात-पतविमा घ्यावा. ती खरेदीदाराची पत तपासून मर्यादा ठरवते, म्हणजे आपली पारखही पुन्हा एकदा तिसऱ्याकडून होते, आणि खरेदीदार बुडाला किंवा त्याच्या देशाने पैसे बाहेर पाठवणे थांबवले तर नुकसानीचा मोठा भाग मिळतो. मात्र मालाच्या दर्जावरून खरेदीदाराने पैसे रोखले, तर तो वाद आपल्या बाजूने सुटल्याशिवाय या विम्यातून भरपाई मिळत नाही. म्हणून तारीख आणि सही घालून पिशवीत बंद केलेला तो दुसरा संच, शेवटचा युरो जमा होऊन तक्रारीची मुदत उलटेपर्यंत, कोरड्या फळीवर तसाच ठेवावा आणि तोवर कुणी गिऱ्हाईक मागे लागले तरी विकू नये.